विशेषणांखालची माहिती

एखाद्या कंपनीचे माहितीपत्रक वाचायला घ्या. पहिल्या वाक्यात संस्थापक द्रष्टे असतात, दुसऱ्यात उत्पादन दर्जेदार असते, तिसऱ्यात ग्राहक समाधानी असतात आणि चौथे वाक्य आले तरी कंपनी नेमके काय बनवते याचा पत्ता नसतो. माहितीपत्रकात हे खपते, कारण ते माल खपवण्यासाठीच लिहिलेले असते. पंचाईत होते ती कोणीतरी हाच परिच्छेद उचलून विकिपीडियावर ठेवतो तेव्हा. विश्वकोशात कंपनीची नोंद असायला हरकत नाही, पण तिथला वाचक गिऱ्हाईक म्हणून आलेला नसतो. त्याला कंपनी कधी सुरू झाली, कुठे, कोणी केली आणि ती काय करते एवढेच हवे असते.

असा परिच्छेद दुरुस्त करायला बसलेला माणूस साधारणपणे दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. पहिला खड्डा सगळ्यांना दिसतो: ‘देदीप्यमान’ काढून ‘उल्लेखनीय’ घातले, ‘महान’ काढून ‘मोठे’ घातले, आणि जाहिरात होती तशीच राहिली, फक्त आवाज थोडा खाली आला. दुसरा खड्डा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. संपादक वैतागून कात्री चालवतो. ज्या वाक्यात कौतुक दिसेल ते पूर्ण वाक्य जाते, आणि त्या वाक्याच्या पोटात दडलेले वर्ष, गावाचे नाव, उत्पादनाचे नाव हेही त्याच्याबरोबर जाते. उरलेला मजकूर तटस्थ असतो खरा, पण त्यात काही सांगितलेले नसते. माझ्या मते हा दुसरा दोष जास्त वाईट. फुगवलेल्या वाक्यातून जाणकार वाचक माहिती काढून घेऊ शकतो. कापून टाकलेल्या वाक्यातून कोणीच काही काढू शकत नाही.

प्रत्यक्ष उदाहरणच घेऊ. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. खालचा परिच्छेद कंपनीच्या कोणत्याही साहित्यातला नाही. तो या लेखासाठी मीच रचला आहे, माहितीपत्रकाच्या सुरात. त्याच्या मुळाशी असलेल्या घटना मात्र खऱ्या आहेत.

‘स्वदेशीच्या ध्यासाने झपाटलेल्या द्रष्ट्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे छोटेसे दुकान थाटून एका देदीप्यमान उद्योगसाम्राज्याची मुहूर्तमेढ रोवली. अज्ञानात बुडालेल्या शेतकऱ्यांचा विरोध मोडून काढत त्यांनीच देशातला पहिलावहिला लोखंडी नांगर घडवला आणि भारतीय शेतीत क्रांती केली. १९१० मध्ये औंधच्या रसिक राजाच्या कृपाशीर्वादाने त्यांनी कुंडलच्या निवडुंगांनी भरलेल्या ओसाड माळावर अवघ्या काही महिन्यांत किर्लोस्करवाडीचे नंदनवन फुलवले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडची स्थापना झाली आणि मग कंपनीने मागे वळून पाहिलेच नाही. आज तब्बल शतकाहून मोठा वारसा लाभलेली ही कंपनी पंपांच्या क्षेत्रातले जगभरातले सर्वांत विश्वासार्ह नाव आहे. खुद्द भारत सरकारने १९६९ मध्ये टपाल तिकीट काढून या कार्यावर शिक्कामोर्तब केले.’

इथे भाषेला हात लावायची घाई करायची नाही. आधी हातात पेन्सिल घेऊन फक्त एवढेच पाहायचे की या परिच्छेदातली कोणती गोष्ट तिसऱ्या माणसाला कागद दाखवून खरी किंवा खोटी ठरवता येईल. तेवढ्याच गोष्टी एका बाजूला, एकेका ओळीत उतरवायच्या. संस्थापकाचे नाव. १८८८, बेळगाव, सायकलींचे दुकान. लोखंडी नांगर बनवला. शेतकऱ्यांनी तो सुरुवातीला नाकारला. १९१०, कुंडल, औंध संस्थान, माळरान, निवडुंग, किर्लोस्करवाडी. १९२०, लिमिटेड कंपनी. १९६९, टपाल तिकीट. इतके झाल्यावर बहुतेक जण पेन्सिल खाली ठेवतात, आणि नेमकी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निसटते: कंपनी पंप बनवते. सबंध परिच्छेदात हे एकदाच आले आहे, आणि तेही ‘सर्वांत विश्वासार्ह नाव’ या कौतुकाच्या वाक्यात. ते वाक्य जाहिरात म्हणून उडवले की कंपनीचा धंदाच नोंदीतून गायब होतो. म्हणून वाक्य तपासायचे नाही, वाक्यातला प्रत्येक शब्द तपासायचा. ‘कृपाशीर्वादाने’ हा शब्दही तसाच. त्यात आशीर्वाद किती होता ते सोडा, पण त्याच्याखाली एक ठोस व्यवहार आहे: औंधच्या संस्थानिकांनी कारखान्यासाठी जागा दिली. ‘जगभरातले’ या शब्दाखालीही बहुधा काहीतरी आहे, निर्यात किंवा परदेशातली उपकंपनी. ते काय आहे हे या परिच्छेदातून कळत नाही. त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवायचे.

यादी झाली की प्रत्येक नोंदीला विचारायचे, हे सांगतो कोण?

१८८८ आणि १९२० या दोन वर्षांपाशी थोडे थांबू, कारण कंपन्यांच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. कंपनी आपला आरंभ १८८८ पासून मोजते. पण १८८८ साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड नावाची कंपनी कायद्याने अस्तित्वात नव्हती. होते ते सायकलींचे दुकान. मर्यादित कंपनी म्हणून नोंदणी झाली १९२० मध्ये. मग ‘स्थापना’ कोणती? माहितीपत्रक दोन्ही वर्षे देते आणि जिथे जे शोभेल ते वापरते. भोळा संपादक दोहोंपैकी एक ‘चुकीचे’ समजून काढून टाकतो. खरे तर दोन्ही बरोबर आहेत, फक्त ती दोन वेगळ्या घटनांची आहेत. विश्वकोशाच्या वाक्याने प्रत्येक वर्षाला त्याची घटना जोडून द्यायची: दुकान या वर्षी, कंपनीची नोंदणी त्या वर्षी.

नोंदणीचे वर्ष पडताळणे आता अवघड राहिलेले नाही. भारतातल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक असतो. कंपनीच्या पत्रावर, वार्षिक अहवालावर तो छापलेला असतो. त्यातले पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही हे सांगते, पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात, मग राज्याची दोन अक्षरे, आणि त्यानंतरचे चार अंक म्हणजे नोंदणीचे वर्ष. किर्लोस्कर ब्रदर्सच्या क्रमांकात तिथे १९२० आहे. ‘शतकाची परंपरा’ सांगणाऱ्या एखाद्या कंपनीच्या क्रमांकात तिथे १९९४ निघाले, तर याचा अर्थ ती खोटे बोलते असा लगेच घेऊ नये. आजोबांची पेढी असेल, पुढे भागीदारी झाली असेल, नातवाने तिची कंपनी केली असेल. पण मग ते तीन टप्पे वेगवेगळे लिहायला हवेत, आणि आजोबांच्या पेढीला कंपनीबाहेरचा काही पुरावा हवा: जुनी जाहिरात, जिल्ह्याचे गॅझेटियर, त्या काळचे वर्तमानपत्र. पुरावा नसेल तर वाक्यात ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द येतील, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता नांगर. ‘देशातला पहिलावहिला’ हा दावा नुसता कौतुकाचा नाही. तो इतिहासाचा दावा आहे, आणि म्हणून तो तपासता येतो. विलायतेहून आलेले लोखंडी नांगर एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानातल्या सरकारी प्रयोगशेतांवर चालवून पाहिले जात होते. म्हणजे ‘पहिला लोखंडी नांगर’ हे शब्द जसेच्या तसे टिकत नाहीत. कंपनीचे हे पहिले उत्पादनही नव्हते. त्याआधी लक्ष्मणराव बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे बनवत होते. मग पहिला कशाचा? ‘भारतीय कारखान्यात विक्रीसाठी तयार झालेला पहिला’ असा नेमका दावा एखाद्या शेतीच्या किंवा उद्योगाच्या इतिहासकाराने केला असेल, तर त्याच्या नावाने तो द्यावा. तसे कोणी हाताशी नसेल तर ‘पहिला’ हा शब्द सोडायचा आणि नांगर ठेवायचा. कात्री चालवणारे इथेच फसतात, ‘पहिला’बरोबर नांगरही टाकून देतात.

‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ या शब्दांबद्दल एक सोपा नियम आहे. त्यांच्यामागे मोजणारा, मोजण्याची पद्धत आणि मोजल्याचे वर्ष उभे असेल, तर ते जाहिरात राहत नाहीत, माहिती होतात. पार्ले-जी हे जगात सर्वाधिक खपणारे बिस्किट आहे असे नुसते म्हटले तर ती फुशारकी. निल्सन या बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये ते जगातले सर्वाधिक खपाचे बिस्किट ठरवले, असे म्हटले की वाक्य विश्वकोशात बसते, कारण उद्या दुसरे बिस्किट पुढे गेले तरी ते वाक्य खोटे पडत नाही. अशा वाक्यात ‘आहे’च्या जागी ‘ठरवले’ येते, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

शेतकऱ्यांच्या विरोधाचे काय? ‘अज्ञानात बुडालेले’ हे तर काढायलाच हवे. संस्थापकाची उंची वाढवण्यासाठी शेतकऱ्याला खड्ड्यात उभे केले आहे. पण त्याखालची हकिकत टाकण्यासारखी नाही. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी समजूत असल्याने सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना, ही गोष्ट किर्लोस्करांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ती सांगणारे बहुतेक लेखन कंपनीचे किंवा कुटुंबाचे आहे, म्हणून ती त्यांच्या तोंडूनच सांगायची. वाक्यात ‘असे सांगितले जाते’ असे मोघम लिहू नये; कोण सांगते ते लिहावे. ‘जाणकारांच्या मते’, ‘असे मानले जाते’, ‘सर्वश्रुत आहे’ हे शब्दप्रयोग तटस्थ वाटतात आणि नेमके उलट काम करतात. त्यांच्यामुळे दाव्याला एक अदृश्य साक्षीदार मिळतो, आणि त्याची उलटतपासणी कोणालाच घेता येत नाही.

‘भारतीय शेतीत क्रांती केली’ याखाली मी बरेच उकरून पाहिले. परिच्छेदात त्याला आधार देणारे काहीच नाही. किती नांगर विकले गेले, कोणत्या भागात, किती वर्षांत, असा आकडा मिळाला तर क्रांतीच्या जागी तो आकडा येईल आणि वाचक स्वतः ठरवील. आकडा नसेल तर हे वाक्य जाईल. इथे माहिती गमावली जात नाही, कारण मुळात ती नव्हती.

किर्लोस्करवाडीचे वाक्य मात्र भरलेले आहे, आणि त्यात एक गंमतही आहे. ‘ओसाड माळावर नंदनवन’ ही रचना आधी-नंतरच्या छायाचित्रांसारखी असते: आधीचे चित्र जितके काळे, तितके नंतरचे उजळ. म्हणून ‘ओसाड’ हा शब्द संशयित. पण निवडुंग? निवडुंग हा शोभेचा शब्द वाटतो, तो तसा नाही. ती जागा निवडुंगांनी व्यापलेली होती हे सर्वत्र नोंदलेले आहे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आत्मचरित्राचे नावच ‘कॅक्टस अँड रोझेस’ ठेवले. तेव्हा माळरान राहील, निवडुंग राहतील, ओसाड आणि नंदनवन जातील. ‘अवघ्या काही महिन्यांत’ हेही जाईल: ‘काही महिने’ हा आकडा नाही आणि ‘अवघ्या’ हा शब्द माहितीचा नाही. राजा रसिक होता यात खोटे काही नाही. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि औंधचे संग्रहालय आजही पाहायला मिळते. पण पंपाच्या कंपनीच्या नोंदीत त्यांच्या रसिकतेचे काम काय? तिची जागा त्यांच्या स्वतःच्या नोंदीत. खऱ्या गोष्टीलाही जागा चुकू शकते. इथे ‘राजा’ऐवजी त्यांचे नाव घालणे मात्र योग्य, कारण नाव पडताळता येते.

आणि परिच्छेदात जे नाही तेही पाहायचे. कारखाना बेळगावातून हलला तो केवळ मोठ्या स्वप्नासाठी नव्हे. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी ती जागा हवी होती, म्हणून लक्ष्मणरावांना दुसरीकडे जाणे भाग पडले. माहितीपत्रकाला ही हकिकत नको असते, कारण नायक परिस्थितीने ढकलला गेला हे त्याला शोभत नाही. दुसरी गोष्ट याहून साधी. कंपनीच्या नावातच ‘ब्रदर्स’ आहे, आणि सबंध परिच्छेदात भाऊ एकच. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावच्या धंद्यात बरोबर होते. त्यांचा पत्ताच नाही. तटस्थ मजकूर म्हणजे दिलेल्या वाक्यांतून हवा काढणे एवढेच नसते. कोणाला वगळले आहे हेही पाहावे लागते. पण इथे शिस्त हवी. मूळ परिच्छेदातली माहिती आणि आपण नव्याने घातलेली माहिती यांची सरमिसळ करू नये. नवी भर ही नवी भर म्हणून, तिच्या स्वतःच्या आधारासह यावी.

टपाल तिकिटाचे वाक्य सोपे वाटते. १९६९ मध्ये तिकीट निघाले, हे खरे. पण ते निघाले लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त. त्यांचा जन्म १८६९ चा. ‘या कार्यावर शिक्कामोर्तब’ म्हणताना व्यक्तीचा सन्मान हळूच कंपनीच्या खात्यावर जमा झाला. असे स्थलांतर फार होते. आजच्या कंपन्यांत त्याचे सर्रास दिसणारे रूप म्हणजे आयएसओचे प्रमाणपत्र. ‘आयएसओ प्रमाणित दर्जेदार उत्पादने’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात आयएसओ ९००१ हे मानक उत्पादनाचे नाहीच, ते कंपनीच्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पद्धतीचे आहे. आणि प्रमाणपत्र आयएसओ ही संस्था देत नाही, स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात. म्हणून ते वाक्य ‘कंपनीच्या व्यवस्थापन पद्धतीला अमुक संस्थेने अमुक वर्षी आयएसओ ९००१ प्रमाणपत्र दिले’ असे होते. तथ्य एकही गेले नाही, उलट संस्था आणि वर्ष वाढले.

यानंतर भाषा. मराठीत जाहिरात केवळ विशेषणांत नसते. वर ‘त्यांनीच नांगर घडवला’ यातला ‘च’ पाहा. विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही, एका अक्षराचे अव्यय, पण त्याने इतर सगळ्यांना बाहेर काढले. ‘पहिलेच’, ‘खुद्द भारत सरकारने’ याचेही तेच. आकड्यांभोवती तर हे अव्ययांचे पहारेकरी उभेच असतात: ‘तब्बल’ शंभर वर्षे, ‘अवघ्या’ दोन वर्षांत, ‘केवळ’ पाच हजारांच्या भांडवलावर. आकडा ठेवायचा आणि पहारेकरी काढायचा. वाचकाला शंभर हे मोठे की लहान ते कळते.

क्रियापदांनाही हात लावावा लागतो. मुहूर्तमेढ रोवली, झेप घेतली, गगनाला गवसणी घातली, मागे वळून पाहिले नाही. यांच्या जागी सुरू केले, वाढले, बांधले, विकत घेतले. पण इथे एक सापळा आहे. साधेपणाच्या नादात सगळे कर्मणीत जाते: ‘कारखाना उभारण्यात आला’, ‘जागा देण्यात आली’. वाक्य सरकारी आणि म्हणून निःपक्षपाती वाटते, पण कोणी दिली हे तथ्य त्यात बुडते. जागा औंधच्या संस्थानिकांनी दिली, कर्ता ठेवा. आदरार्थी बहुवचनाबद्दल काही जण उगाच धास्तावतात. ‘त्यांनी’, ‘झाले’ हे मराठीचे साधे व्याकरण आहे, ती भलामण नाही. ‘आदरणीय’, ‘श्रद्धेय’, नावापुढचे ‘साहेब’ हे मात्र काढावे.

उलट्या बाजूचे पाप विसरू नये. जाहिरातीचा राग आलेला संपादक नकळत दुसरीकडे कलतो. ‘कंपनी म्हणते’च्या जागी तो ‘कंपनीचा दावा आहे’ लिहितो, आणि ज्यावर कोणाचा वाद नाही अशा गोष्टीवर संशयाची सावली पडते. ‘तथाकथित’, ‘मात्र’, ‘प्रत्यक्षात’ हे शब्दही जपून. नोंदणीच्या वर्षाबद्दल सरकारी कागद असताना ‘दावा’ कशाला? आणि ‘म्हणण्यानुसार’ प्रत्येक वाक्याला लावले तर वाचक वैतागतो. जिथे आधार एकाच बाजूचा आहे तिथेच ते लावायचे.

‘आज’ हा शब्द विश्वकोशात कधीच वापरू नये. माहितीपत्रक दरवर्षी छापतात. नोंद दहा वर्षे तशीच राहते आणि तिच्यातले ‘आज’ शिळे होते. ‘शतकाहून मोठा वारसा’ तर ठेवायची गरजच नाही, १८८८ आणि १९२० दिल्यावर वजाबाकी वाचक करील.

प्रश्नचिन्ह टाकलेल्या ‘जगभरातले’ या शब्दाकडे परत येऊ. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडमधली एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. ही नोंद पडताळण्याजोगी आहे आणि ‘जगभरातले विश्वासार्ह नाव’ यापेक्षा कितीतरी अधिक सांगते. मूळ परिच्छेदात ती नव्हती, म्हणून भर म्हणून येईल. आता मजकूर असा होतो:

‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही पंप बनवणारी भारतीय कंपनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सुरू केलेल्या सायकलींच्या दुकानापासून कंपनी आपला आरंभ मोजते. त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा या व्यवसायात त्यांच्याबरोबर होते. पुढे लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवण्यास सुरुवात केली. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीमुळे शेतकरी सुरुवातीला नांगर घेत नव्हते, असे कंपनीच्या इतिहासात म्हटले आहे. बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी असल्याने त्यांना तेथून हलावे लागले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या, कुंडलजवळच्या निवडुंगांनी व्यापलेल्या माळरानावर १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत सुरू झाली. ती किर्लोस्करवाडी या नावाने ओळखली जाते. मर्यादित कंपनी म्हणून नोंदणी १९२० मध्ये झाली. कंपनीने २००३ मध्ये इंग्लंडमधील एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने १९६९ मध्ये टपाल तिकीट काढले.’

आता सुरुवातीची यादी पुन्हा समोर घ्यायची आणि एकेका नोंदीवर खूण करत जायचे. संस्थापक, १८८८, बेळगाव, सायकली, नांगर, शेतकऱ्यांचा नकार, १९१०, औंध, कुंडल, माळरान, निवडुंग, किर्लोस्करवाडी, १९२०, पंप, १९६९, तिकीट. सगळ्यांवर खूण झाली. राहिली एक गोष्ट: ‘स्वदेशीचा ध्यास’. ती मी सोडली, आणि तिच्याबद्दल माझे मन द्विधा आहे. माणसाच्या मनातला हेतू पडताळता येत नाही, पण लक्ष्मणरावांनी स्वतः कुठे तसे लिहिले-बोलले असेल तर ‘आपण स्वदेशीच्या विचाराने हा उद्योग काढला, असे त्यांनी म्हटले’ हे वाक्य तथ्य ठरेल. तो आधार समोर ठेवणाऱ्याने ते खुशाल परत घालावे. अशी सोडलेली गोष्ट संपादकाने चर्चा पानावर कारणासह लिहून ठेवली, तर पुढच्याला ती पुन्हा शोधावी लागत नाही.

आधारांबद्दल दोन गोष्टी. कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ अगदीच निरुपयोगी नसते. मुख्यालय कुठे, उत्पादने कोणती, अध्यक्ष कोण, अशा कोरड्या माहितीसाठी विकिपीडियाचे नियम ते चालवून घेतात. मोठेपणाच्या दाव्यांसाठी नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीवरही डोळे मिटून विसंबू नये. बातमीला वार्ताहराचे नाव नाही, कंपनीबाहेरच्या एकाही माणसाचे मत नाही, आणि तीच वाक्ये शब्दशः दुसऱ्या वृत्तपत्रात सापडतात, तर ते कंपनीचे प्रसिद्धिपत्रकच आहे. दहा वृत्तपत्रांत छापून आले तरी साक्षीदार एकच राहतो. शिवाय माहितीपत्रकातले वाक्य थोडे इकडेतिकडे करून ठेवणे हा लेखाधिकाराचाही प्रश्न असतो. यादीवरून नव्याने लिहिण्याची वर सांगितलेली पद्धत त्यातूनही सोडवते.

हे सगळे वाचून एखाद्या कंपनीत काम करणाऱ्या वाचकाला आपल्याच कंपनीची नोंद सुधारावीशी वाटेल. तसे असेल तर लेखात थेट बदल करू नका. तुम्ही त्या कंपनीचे पगारी आहात हे उघड सांगा. विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून ते बंधनकारक आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने पैसे घेऊन छुपेपणाने लेख लिहिणाऱ्या ३८१ खात्यांवर एकाच कारवाईत बंदी घातली आणि त्यांनी लिहिलेले दोनशेहून अधिक लेख काढून टाकले. तुमचा परिच्छेद, त्याची यादी आणि प्रत्येक नोंदीचा आधार चर्चा पानावर ठेवा आणि ज्याचा त्या कंपनीशी संबंध नाही अशा संपादकाला तो लेखात घेऊ द्या.